चार पैशांचा फरक: बिलाची बेरीज का जुळत नाही आणि ती कशी जुळवावी

समजा, कोल्हापुरातला एक घाऊक किराणा व्यापारी गावातल्याच एका दुकानदाराला चार वस्तू विकतो. चहा १०७ रुपयांचा, साखर ८९ रुपयांची, हळद पूड ५३ रुपये ४० पैशांची आणि शेंगदाणा तेल १८१ रुपयांचे. या सगळ्या कराआधीच्या रकमा आहेत. चारही वस्तूंवर जीएसटी ५ टक्के. विक्री राज्यातल्या राज्यात असल्यामुळे त्याचे दोन सारखे भाग होतात: अडीच टक्के केंद्राचा सीजीएसटी आणि अडीच टक्के राज्याचा एसजीएसटी. व्यापाऱ्याच्या बिलिंग प्रोग्रॅमने बिल काढले ४५१ रुपये ९६ पैशांचे. दुकानदाराच्या हिशेबनिसाने तेच आकडे एक्सेलमध्ये मांडले, तर तिथे बेरीज आली ४५१ रुपये ९२ पैसे.

रोख देताना या चार पैशांनी काही बिघडत नाही, कारण राउंड ऑफ केल्यावर दोन्हीकडे ४५२ रुपयेच होतात. पण हिशेबनिसाच्या वहीत कराचा आकडा एक आणि व्यापाऱ्याने जीएसटीआर-१ मध्ये भरलेला, म्हणजे दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसणारा आकडा दुसरा. महिनाअखेर शंभर बिले ताडून पाहताना प्रत्येक ठिकाणी दोन-चार पैसे उरले, की त्यात एखादी खरी चूक दडून जाते. आणि दोन बेरजा ४५१.४८ आणि ४५१.५२ अशा निघाल्या, तर राउंड ऑफनंतर फरक थेट एक रुपयाचा होतो.

असा फरक दिसला की पहिला संशय संगणकावर जातो. प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात, किंमत ठेवण्याचा प्रकार बदला, दशांश प्रकार वापरा, प्रश्न सुटेल. हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच आहे. बिलातल्या पैशांच्या फरकाला दोन वेगळी कारणे असतात. एक यंत्राच्या आत असते आणि ते दशांश प्रकाराने पूर्ण नाहीसे होते. दुसरे आपल्या हिशेबाच्या रीतीत असते, आणि ते कोणताही प्रकार वापरला तरी उरते. वरच्या बिलातला फरक या दुसऱ्या जातीचा आहे. पण दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असली की नेमके कुठे काय चुकले हे कळत नाही. म्हणून आधी पहिले कारण दूर करावे लागते.

यंत्राला दहावा भाग मोजता येत नाही

संगणक सर्वसाधारण अपूर्णांक ज्या प्रकारात ठेवतो त्याला फ्लोट म्हणतात. १९८५ साली आलेल्या आयईईई ७५४ या मानकाने त्याची आजची घडण ठरवली. यातला अपूर्णांक द्विमान पद्धतीचा असतो, म्हणजे अर्धा, पाव, एक अष्टमांश, एक षोडशांश अशा तुकड्यांचीच बेरीज. जुन्या तागडीत फक्त अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक आणि पुढे अशीच निम्मी-निम्मी होत जाणारी वजने आहेत असे धरा. त्यांनी शेराचा बरोबर दहावा भाग तोलून दाखवायचा. एक षोडशांश आणि एक बत्तिसांश टाकले की ०.०९३७५ झाले, म्हणजे थोडे कमी. आणखी बारीक दोन वजने टाकली की ०.०९९६... झाले, तरी कमीच. कितीही बारीक वजने टाकली तरी काटा नेमका दहाव्या भागावर येत नाही. संगणकाकडची वजनेही कधीतरी संपतात, आणि तिथे तो सर्वांत जवळचा आकडा घेऊन थांबतो.

म्हणजे १० पैसे ही रक्कम फ्लोटमध्ये अचूक ठेवताच येत नाही. १ ते ९९ पैशांपैकी फक्त तीनच रकमा त्यात नेमक्या बसतात: २५, ५० आणि ७५. बाकीच्या ९६ रकमा किंचित कमी किंवा किंचित जास्त ठेवल्या जातात. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीचा जुना रुपया १६ आण्यांचा आणि ६४ पैशांचा होता, आणि ते आणे-पैसे या यंत्राला अचूक जमले असते. १ एप्रिल १९५७ पासून आपला रुपया शंभर पैशांचा झाला. माणसाला हा हिशेब सोपा गेला, पण फ्लोटशी तो जुळत नाही.

ही कसर सोळाव्या-सतराव्या अंकात असते, तिथे कोणाचे लक्षही जात नाही. मग ती बिलात येते कशी? राउंड ऑफ करताना. वरच्या बिलातल्या चहाचे उदाहरण घेऊ. १०७ रुपयांवर अडीच टक्के म्हणजे २.६७५ रुपये. तिसरा अंक नेमका ५ असल्याने नेहमीच्या रीतीने हे २.६८ व्हायला हवे. आता हाच कर पायथॉन भाषेत दोन तऱ्हांनी काढून पाहा:

```python
round(107 * 0.025, 2)       # 2.68
round(107 * 2.5 / 100, 2)   # 2.67
```

अडीच टक्के म्हणजेच ०.०२५, गणितात दोन्ही ओळी एकच आहेत. पण पहिल्या ओळीत ०.०२५ हा आकडा मुळातच किंचित मोठा ठेवला गेला, त्यामुळे गुणाकार २.६७५ च्या जरा वर गेला आणि वरच्या पैशाला पोचला. दुसऱ्या ओळीत उत्तर २.६७४९९९... असे जरा खाली राहिले आणि खालच्या पैशावर उतरले. दोन प्रोग्रॅमरांनी एकच सूत्र दोन तऱ्हांनी लिहिले, तर एका वस्तूच्या एका करात एक पैसा कमी-जास्त होतो. यात चूक शोधणे कठीण असते, कारण शंभर वस्तूंपैकी नव्वद ठिकाणी दोन्ही सूत्रे एकच उत्तर देऊ शकतात. फरक पडतो तो फक्त उत्तर अर्ध्या पैशाच्या काठावर उभे असेल तिथे. म्हणून तपासताना ज्या ओळीत न राउंड केलेल्या कराचा तिसरा अंक ५ आहे आणि पुढे काही नाही, त्याच ओळी आधी काढाव्यात.

दशांश प्रकार आणि त्याच्या वाटेतल्या गळती

यावरचा उपाय जुना आहे. १९५९ साली आखलेली कोबोल ही भाषा व्यापारी हिशेबांसाठीच होती आणि तिच्यात रक्कम दशांश अंकांतच ठेवता येत असे. आजच्या डेटाबेसमध्ये याच कामासाठी `NUMERIC` किंवा `DECIMAL` हा प्रकार असतो. त्यात २.६७५ म्हणजे २६७५ हे अंक आणि ‘दशांश चिन्हानंतर तीन’ ही नोंद, इतकेच ठेवले जाते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार शाळेतल्या पाटीवरच्या सारखे होतात. जावामध्ये `BigDecimal` आणि पायथॉनमध्ये `Decimal` हेच काम करतात.

रकान्याला किती दशांश स्थळे द्यायची हे मात्र विचार करून ठरवावे लागते. बिलावर छापायच्या रकमेला दोन पुरतात. वजन-मापाला तीन लागतात, कारण ग्रॅमचा हिशेब किलोत करावा लागतो. एका नगाच्या दराला चार ठेवणे बरे. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो कराच्या दराचा रकाना. पैलू न पाडलेल्या हिऱ्यांवर जीएसटीचा दर पाव टक्का आहे. त्याचा अर्धा भाग ०.१२५ टक्के. दराच्या रकान्याला दोनच स्थळे दिली, तर डेटाबेस गुपचूप ०.१३ लिहून घेतो आणि पुढचे प्रत्येक बिल चुकते. एक लाखाच्या मालावर १२५ रुपयांऐवजी १३० रुपये लागतात. प्रकार अचूक असूनही आकडा चुकीचा, अशी ही गत.

दुसरी गळती रक्कम आत घेताना होते. पायथॉनमध्ये `Decimal("2.675")` असे अवतरण चिन्हांत लिहिले तर नेमका २.६७५ मिळतो. अवतरण चिन्हे विसरून `Decimal(2.675)` लिहिले, तर आकडा आधी फ्लोट होतो, त्यात कसर शिरते, आणि मग ती कसर अचूकपणे जपून ठेवली जाते. जावाच्या `BigDecimal` मध्येही हाच धोका आहे. बरोबर रीत अशी:

```python
from decimal import Decimal, ROUND_HALF_UP

kar = Decimal("107.00") * Decimal("2.5") / 100
kar.quantize(Decimal("0.01"), rounding=ROUND_HALF_UP)
# Decimal('2.68')
```

तिसरी गळती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्याकडे जाताना होते. डेटाबेसमध्ये रक्कम अचूक असते, पण ब्राउझरकडे ती साधी संख्या म्हणून पाठवली की जावास्क्रिप्ट तिला पुन्हा फ्लोट बनवते. म्हणून रक्कम मजकूर म्हणून पाठवावी, किंवा सरळ पैशांत, पूर्ण संख्या म्हणून: १०७ रुपयांऐवजी १०७०० पैसे. फोनवरच्या लहान बिलिंग अ‍ॅपमध्ये अनेकदा एसक्यूलाइट हा डेटाबेस असतो. त्यात रकान्याला `DECIMAL` नाव दिले तरी आत फ्लोटच साठवला जातो. तिथे तर पैशांतली पूर्ण संख्या हाच खात्रीचा मार्ग आहे.

राउंड कुठे करायचे

समजा, वरचे सगळे केले. आता यंत्राची कसर शून्य आहे. तरी कोल्हापूरच्या बिलातले चार पैसे तसेच राहतात. का, ते पाहू.

| वस्तू | करपात्र रक्कम | अडीच टक्के, नेमके | पैशात राउंड करून |
|---|---|---|---|
| चहा | १०७.०० | २.६७५ | २.६८ |
| साखर | ८९.०० | २.२२५ | २.२३ |
| हळद पूड | ५३.४० | १.३३५ | १.३४ |
| शेंगदाणा तेल | १८१.०० | ४.५२५ | ४.५३ |
| एकूण | ४३०.४० | १०.७६ | १०.७८ |

व्यापाऱ्याचा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीचा कर आधी पैशात राउंड करतो आणि मग मिळवतो. त्याला सीजीएसटी १०.७८ आणि एसजीएसटी तितकाच, म्हणून बिल ४५१.९६. हिशेबनिसाच्या एक्सेलमध्ये रकान्याला ‘दोन दशांश स्थळे दाखवा’ एवढीच सूचना होती. ती फक्त दिसण्याची सूचना असते. पडद्यावर २.६८, २.२३, १.३४, ४.५३ दिसतात, पण बेरीज होते आतल्या पूर्ण आकड्यांची, आणि ती येते १०.७६. त्याच पडद्यावरचे चार आकडे कागदावर मिळवले तर १०.७८ होतात! दोन्ही हिशेबांत गणिताची चूक कुठेही नाही. एकाने राउंड करून मिळवले, दुसऱ्याने मिळवून राउंड केले.

कायदा यात किती मदत करतो? केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० सांगते की देय कर, व्याज, दंड इत्यादी रक्कम जवळच्या रुपयात आणावी. ५० पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरावा, कमी असतील तर सोडून द्यावेत. बरोबर अर्धा आला तर वर जायचे, हा दंडक त्यातून मिळतो. पण हे कलम रुपयाबद्दल बोलते. बिलातल्या एकेका ओळीचा कर पैशात कधी आणायचा, हे त्यात नाही. ते बिल बनवणाऱ्यालाच ठरवावे लागते.

माझा कौल एका साध्या नियमाच्या बाजूने आहे: जे छापता तेच राउंड करा, आणि जे छापले तेच मिळवा. बिलावर प्रत्येक वस्तूसमोर कर छापला जात असेल, तर प्रत्येक ओळ राउंड करावी आणि एकूण कर ही त्या छापील आकड्यांचीच बेरीज असावी. बिलाच्या तळाशी ‘५ टक्के गटाचा कर’ एवढेच छापत असाल, तर ओळींवर काही राउंड करू नये. गटाची करपात्र रक्कम मिळवून एकदाच राउंड करावे. दोन्ही रीती चालतात. चालत नाही ते एका रीतीने ओळी छापणे आणि दुसऱ्या रीतीने बेरीज काढणे, कारण मग ग्राहकाने पेन घेऊन मिळवले की बिल खोटे ठरते. शेवटचा रुपयापर्यंतचा राउंड ऑफ मात्र कधीही कोणत्या रकमेत मुरवू नये. तो वेगळी ओळ म्हणून दाखवावा. ई-इनव्हॉइसच्या सरकारी नमुन्यातही त्यासाठी `RndOffAmt` असे वेगळे खाते आहे.

खरेदी करणाऱ्यासाठीही यातून एक गोष्ट निघते. आलेल्या बिलाचा कर पुन्हा काढून वहीत लिहू नये. बिलावर जो कर छापला आहे तोच लिहावा, आणि स्वतः काढलेला आकडा फक्त तपासणीसाठी वापरावा.

अर्ध्या पैशाचे काय करायचे, हाही निर्णय एकदाच आणि उघड घ्यावा. पायथॉनचा दशांश प्रकार काही सांगितले नाही तर अर्धा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतो. त्या रीतीने वरच्या बिलात साखर २.२२ आणि तेल ४.५२ होते, आणि बेरीज १०.७६. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेसांचा दशांश प्रकार मात्र अर्धा आला की पुढे जातो. म्हणजे तेच गणित प्रोग्रॅममध्ये केले की एक उत्तर आणि डेटाबेसमध्ये केले की दुसरे. म्हणून वरच्या कोडमध्ये `ROUND_HALF_UP` हे स्पष्ट लिहिले आहे, आणि राउंड करण्याचे काम सगळ्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी ठेवणे हिताचे असते. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोटही तिथूनच जावी. काही प्रोग्रॅम पैशात अर्धा मिळवून खालच्या पूर्ण संख्येवर येतात. ही युक्ती २.६७५ ला २.६८ करते, पण उणे २.६७५ ला उणे २.६७ करते. मग पूर्ण माल परत घेतला तरी बिल आणि क्रेडिट नोट मिळून शून्य होत नाही, एक पैसा लटकत राहतो.

राउंडिंगच्या रीतीने किती नुकसान होऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचे आहे. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तिसऱ्या दशांश स्थळानंतरचे अंक राउंड न करता सरळ कापले जात. प्रत्येक वेळी तोटा हजाराव्या भागाहून लहान, पण नेहमी एकाच दिशेने. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास उतरला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तोच आकडा १०९८ च्या पुढे गेला.

एमआरपीमधून कर वेगळा काढताना

किरकोळ दुकानात किंमत कर धरूनच असते, आणि कर उलट दिशेने काढावा लागतो. दशांश प्रकाराची हद्द इथे दिसते. १८ टक्के गटातली एक वस्तू १०० रुपयांना विकली. करपात्र रक्कम म्हणजे १०० भागिले १.१८, उत्तर ८४.७४५७६२... हा अपूर्णांक दशांशातही संपत नाही. तो कुठेतरी तोडावाच लागतो.

बहुतेक प्रोग्रॅम असे करतात: करपात्र रक्कम राउंड करून ८४.७५. त्यावर ९ टक्के म्हणजे ७.६२७५, राउंड करून ७.६३. सीजीएसटी ७.६३, एसजीएसटी ७.६३. तिन्ही मिळवले की १००.०१. शंभराची वस्तू घेणाऱ्याच्या हातात एकशे रुपये एक पैशाचे बिल! प्रोग्रॅम कितीही अचूक दशांश वापरो, हा पैसा निघणारच. एकूण करातून एक पैसा कमी करून १५.२५ केला, तर त्याचे दोन सारखे भाग पडत नाहीत.

इथे क्रम उलटा करावा लागतो. आधी कर काढायचा: १०० गुणिले ९ भागिले ११८ म्हणजे ७.६२७..., राउंड करून ७.६३. दोन करांचे १५.२६. आणि करपात्र रक्कम भागाकाराने न काढता वजाबाकीने काढायची: १०० वजा १५.२६, म्हणजे ८४.७४. पडताळा घ्या, ८४.७४ वर ९ टक्के म्हणजे ७.६२६६, राउंड करून पुन्हा ७.६३ च. बिलाची बेरीज बरोबर १०० रुपये. हिशेबात एक रक्कम पक्की असेल, तर बाकीच्यांपैकी एक नेहमी वजाबाकीने काढावी. सगळ्या रकमा स्वतंत्रपणे राउंड केल्या, तर त्या एकमेकींशी जुळतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. हाच नियम सवलतीलाही लागतो. १०० रुपयांची सूट तीन सारख्या वस्तूंवर वाटली तर ३३.३३ तीनदा मिळून ९९.९९ होतात, म्हणून शेवटच्या वस्तूची सूट ‘उरलेली रक्कम’ म्हणून ३३.३४ धरावी.

जुनी बिले दुरुस्त करताना

चालू असलेल्या दुकानाचा प्रोग्रॅम बदलताना जुन्या फ्लोट रकान्यांना हात न लावता शेजारी नवे दशांश रकाने करावेत. पोस्टग्रेसमध्ये जुनी किंमत `round(price::numeric, 2)` असे लिहून नव्या रकान्यात आणता येते. थेट टाइप केलेल्या किमती अशाने जशाच्या तशा परत मिळतात. पूर्वी गणित करून ठेवलेल्या बेरजा मात्र तशाच न उचलता छापील बिलाशी ताडून पाहाव्यात, कारण ग्राहकाच्या हातात गेलेला आकडा तोच खरा.

रकाने भरले की कोणत्या बिलांची बेरीज ओळींशी जुळत नाही ते एका प्रश्नात समजते. खालच्या ओळींत `amount` ही कर धरून ओळीची रक्कम आणि `round_off` ही राउंड ऑफची रक्कम आहे:

```sql
SELECT b.bill_no, b.total - b.round_off AS bill_total,
       SUM(l.amount) AS lines_total
FROM bills b JOIN bill_lines l ON l.bill_id = b.id
GROUP BY b.bill_no, b.total, b.round_off
HAVING b.total - b.round_off <> SUM(l.amount);
```

हा प्रश्न फ्लोट रकान्यांवर चालवला, तर बरोबर असलेली बिलेही सतराव्या अंकाच्या फरकामुळे यादीत येतात. दशांश रकान्यांवर यादीत येते ते खरोखर न जुळणारे बिल.

यादी हाती आल्यावर फरकाचा आकार पाहावा. एकदा राउंड करताना जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडे-तिकडे होतो. ओळीला दोन कर असतील, तर ओळीमागे जास्तीत जास्त एक पैसा. चार ओळींच्या बिलात राउंडिंगचा फरक चार पैशांपुढे जाऊच शकत नाही. कोल्हापूरच्या बिलात तो बरोबर चार आला, कारण चारही ओळी नेमक्या अर्ध्या पैशावर होत्या आणि सगळ्या वरच गेल्या. एरवी काही ओळी वर जातात, काही खाली, आणि फरक याहून बराच कमी राहतो. म्हणून चार ओळींच्या बिलात सात पैशांचा फरक दिसला, तर ते राउंडिंग नाही. तिथे कराचा दर चुकला आहे, एखादी ओळ राहिली आहे किंवा सूट दोनदा लागली आहे. ही मर्यादा माहीत नसल्याने लोक सगळेच फरक ‘राउंड ऑफ’ खात्यात टाकतात आणि खऱ्या चुका तिथे गाडल्या जातात.

ग्राहकाला दिलेले बिल प्रोग्रॅममध्ये बदलू नये. कर किंवा रक्कम खरोखर चुकीची लागली असेल, तर कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट किंवा डेबिट नोट काढण्याचा मार्ग आहे. केवळ राउंडिंगच्या रीतीमुळे पडलेले पैसे तसेच राहू द्यावेत. नवी रीत एका ठरलेल्या तारखेपासून सुरू करावी, शक्यतो १ एप्रिलपासून, आणि प्रत्येक बिलासोबत ते कोणत्या रीतीने काढले त्याची खूण ठेवावी. पुढे कोणी जुने बिल पुन्हा छापले, तर तोच आकडा यायला हवा.

तुमच्या दुकानात किंवा कार्यालयात बिलिंगचा प्रोग्रॅम असेल, तर तो विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. रक्कम दशांश प्रकारात ठेवली आहे की फ्लोटमध्ये? कर प्रत्येक ओळीला राउंड होतो की गटाच्या बेरजेला? आणि एमआरपीतून कर काढल्यावर तिन्ही आकडे मिळून पुन्हा एमआरपीच येते का? तिन्हींची उत्तरे लेखी घ्या आणि आपल्या हिशेबनिसाकडे ठेवा. ती न देऊ शकणारा प्रोग्रॅम बाकी कितीही चांगला दिसला, तरी हिशेबासाठी घेऊ नका.